चाळीस ट्रेडवरून काय कळते आणि काय कळत नाही

वाचकाचे पत्र

सर, सप्रेम नमस्कार. मी अमळनेरचा. शेती आहे आणि कृषी सेवा केंद्रही सांभाळतो. गेल्या चार महिन्यांत शेअर घेऊन तीन-चार दिवस ते दोन-तीन आठवडे ठेवायचे, अशा पद्धतीने ४० ट्रेड केले आणि सगळे वहीत लिहिले. दर ट्रेडला १,००० रुपयांची जोखीम धरली. २५ फायद्यात गेले, १५ तोट्यात, एकूण ११,००० रुपये सुटले. म्हणजे विन रेट ६२.५ टक्के आणि ट्रेडमागे २७५ रुपये. कापसाचे पैसे हातात आले आहेत, म्हणून आता जोखीम ५,००० करावी असे मनात आहे. कोणी म्हणते ३० ट्रेड पुरे, कोणी १००, कोणी १,०००. नेमके किती लागतात? भुसावळचा माझा मावसभाऊ ऑप्शन विकतो. त्याचे ६० पैकी ६० ट्रेड फायद्यात गेले आणि तो म्हणतो, तू उगाच वह्या भरत बसतोस. वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

— एक वाचक, अमळनेर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण वहीची पाने जोडली हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच असा आकडा नाही. ते ज्याच्या त्याच्या वहीतूनच काढावे लागते. आपल्या वहीचे उत्तर आधी सांगतो आणि मग ते कसे निघाले ते दाखवतो. ट्रेडमागच्या नफ्याचा आपला आकडा नशिबाचा नसून पद्धतीचा आहे, असे म्हणायला आपल्याला अडीचशेहून अधिक ट्रेड लागतील, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी, एकाच नियमाने केलेले. आजच्या नोंदींच्या आधारे जोखीम पाचपट करणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

३० चा आकडा संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून आला आहे. तिथे त्याचा अर्थ इतकाच आहे की मोजमापांचे स्वरूप फार वेडेवाकडे नसेल, तर साधारण तिसांपासून पुढे त्यांच्या सरासरीवर ठरावीक सूत्रे वापरायला हरकत नसते. सूत्र वापरता येणे आणि त्यातून निघालेला आकडा नेमका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, ती साधते कारण एका पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. ट्रेडचे तसे नाही. एक ट्रेड हजार रुपये घेऊन जातो, दुसरा आठशे देतो, आणि एखादा एकदम पाच हजार देतो. शिते जितकी एकमेकांपासून वेगळी, तितकी जास्त चाखावी लागतात. सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी विन रेट पाहू. ४० मधले २५ फायद्यात आले, यावरून खरा विन रेट साडेबासष्टच आहे असे म्हणता येत नाही. ४० च्या नमुन्यात हा आकडा निव्वळ योगायोगाने इकडेतिकडे किती सरकू शकतो याचा हिशेब केला, तर खरा विन रेट साधारण ४७ ते ७६ टक्के यांमध्ये कुठेही असू शकतो. आता आपली वही सांगते की फायद्याच्या ट्रेडची सरासरी १,१२० रुपये आहे आणि तोट्याच्या ट्रेडची १,१३३. हे दोन आकडे असताना ना नफा ना तोटा राहायला ५०.३ टक्के विन रेट लागतो; तोट्याच्या सरासरीला दोन्ही सरासरींच्या बेरजेने भागले की तो मिळतो. ४७ ते ७६ या पट्ट्यात ५०.३ आरामात बसतो. म्हणजे पद्धत तोट्याची असूनही ४० पैकी २५ फायद्यात येणे ही काही अशक्य गोष्ट नाही.

पण विन रेटपेक्षा मला जास्त काळजी वाटली ती ट्रेडमागच्या २७५ रुपयांची. आपल्या २५ फायद्याच्या ट्रेडपैकी नवव्याने ५,२०० रुपये दिले आणि चौदाव्याने ४,४००. हे दोन बाजूला ठेवून उरलेल्या ३८ ट्रेडची बेरीज केली, तर एकूण नफा १,४०० रुपये उरतो, म्हणजे ट्रेडमागे ३७ रुपये. चार महिन्यांची सगळी कमाई दोन ओळींवर उभी आहे. याचा अर्थ ते दोन ट्रेड खोटे होते असा नाही; पुष्कळशा चांगल्या पद्धती अशा मोजक्या मोठ्या नफ्यांवरच चालतात. मात्र असे मोठे ट्रेड विसात एक येतात, की पन्नासात एक, की पुन्हा येणारच नाहीत, हे दोन उदाहरणांवरून ठरवता येत नाही, आणि आपला २७५ चा आकडा नेमका त्यावरच अवलंबून आहे.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी परवा रात्री एक काम केले. आपल्या ४० ट्रेडचे ४० आकडे ४० चिठ्ठ्यांवर लिहिले, चिठ्ठ्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि पत्नीला समोर बसवले. त्यांनी डबा हलवून एक चिठ्ठी काढायची, मी आकडा लिहायचा, चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची आणि डबा पुन्हा हलवायचा. असे ४० वेळा झाले की बेरीज करायची. चिठ्ठी परत टाकणे महत्त्वाचे, कारण त्यामुळे प्रत्येक फेरी म्हणजे आपली हीच पद्धत आणखी चार महिने चालवली तर काय झाले असते याचा एक नमुना ठरते. आम्ही २० फेऱ्या केल्या. तीन फेऱ्यांत ५,२०० आणि ४,४०० या दोन्हींपैकी एकही चिठ्ठी निघाली नाही. दोन फेऱ्यांची बेरीज तोट्यात गेली. एका फेरीत मात्र ५,२०० ची चिठ्ठी तीनदा आली आणि बेरीज २५,००० च्या वर गेली. डबा तोच, चिठ्ठ्या त्याच.

आपल्याकडे संगणक असेल तर हेच काम मिनिटाभरात होते. ट्रेडचे निकाल B2 ते B41 या रकान्यात लिहा, दुसरीकडे पुढचे सूत्र चाळीस ओळींत उतरवा आणि त्यांची बेरीज घ्या. प्रत्येक वेळी पत्रक नव्याने मोजले गेले की नवी फेरी तयार होते.

```
=INDEX($B$2:$B$41, RANDBETWEEN(1,40))
```

अशा हजार फेऱ्या केल्या तर आपल्या आकड्यांवरून बहुतेक बेरजा सुमारे उणे ६,००० पासून ३०,००० पर्यंत पसरतात, आणि शंभरातल्या दहाच्या आसपास फेऱ्या तोट्यात संपतात. आपल्या वहीतले ११,००० हे या एवढ्या मोठ्या पट्ट्यातले एक ठिकाण आहे.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे वळू. आपल्या ४० आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर विखुरले आहेत याचे माप, सुमारे १,४६० रुपये येते. सरासरी २७५ आणि विखुरलेपण १,४६०, म्हणजे पाचपटीहून जास्त. सरासरीतली संभाव्य चूक काढायला या १,४६० ला ट्रेडच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. ४० चे वर्गमूळ सव्वासहाच्या थोडे वर आहे, म्हणून चूक सुमारे २३० रुपये निघते. सरासरी शून्यापासून किमान या चुकीच्या दुप्पट अंतरावर असेल, तेव्हाच तिच्यावर थोडा भरवसा ठेवावा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आपली सरासरी चुकीच्या सव्वापटीपेक्षाही थोडी कमीच आहे. किती ट्रेडनंतर ती दुप्पट होईल, हे पुढचे सूत्र सांगते.

```
=(2*STDEV.S(B2:B41)/AVERAGE(B2:B41))^2
```

आपल्या वहीसाठी हे उत्तर ११३ येते. कोणी सांगितलेला १०० चा आकडा याच्या जवळ आहे हे खरे, पण तो योगायोग आहे. ज्याच्या ट्रेडचे निकाल कमी विखुरलेले असतील त्याला ५० मध्येही कळेल, आणि ज्याची सरासरी आपल्या निम्मी असेल त्याला ११३ च्या चौपट, म्हणजे साडेचारशे ट्रेड लागतील. सूत्रात वर्ग आहे, म्हणून सरासरी थोडी जरी खाली आली तरी ट्रेडची संख्या झपाट्याने वाढते.

आणि आपली सरासरी खाली येणारच आहे, कारण वहीत आपण खरेदी-विक्रीच्या भावातला फरक लिहिला आहे, खर्च वजा केलेला नाही. आपला एक व्यवहार साधारण ३०,००० रुपयांचा असतो. डिलिव्हरीवर खरेदी आणि विक्री दोन्ही वेळा ०.१ टक्का सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स लागतो, तोच जवळजवळ ६० रुपये झाला. खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, आणि विकताना डीपी शुल्क. हे शेवटचे कॉन्ट्रॅक्ट नोटवर दिसत नाही, ब्रोकरच्या लेजरमध्ये वेगळे पडते, म्हणून ते हमखास निसटते. सगळे धरून आपल्या एका ट्रेडला ९५ रुपयांच्या आसपास खर्च येतो. २७५ मधून ९५ गेले की १८० उरतात. विखुरलेपण तेच राहते, आणि सूत्राचे उत्तर ११३ वरून २६४ वर जाते. यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली खरी सरासरी १८० असली तरी २६४ ट्रेडनंतर ती दुपटीच्या कसोटीला उतरण्याची शक्यता निम्मीच आहे. पाचातल्या चार वेळा ती उतरावी असे वाटत असेल, तर संख्या पाचशेच्या पलीकडे जाते. हजार म्हणणाराही अगदीच हवेत बोलत नव्हता.

आतापर्यंतचा हिशेब असे धरून चालला होता की चाळीसही ट्रेड एकाच पद्धतीचे आहेत. ते तसे नाहीत, आणि वहीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. सतराव्या ट्रेडच्या समासात आपण लिहिले आहे, ‘आजपासून थोडा नफा दिसला की निम्मे विकायचे.’ त्या ओळीच्या वरचे १६ ट्रेड आणि खालचे २४ ट्रेड मी वेगवेगळे मोजले. वरच्या सोळांत ९ फायद्यात होते, म्हणजे विन रेट ५६ टक्के, आणि ट्रेडमागे नफा ५८७ रुपये. खालच्या चोवीसांत १६ फायद्यात, विन रेट ६७ टक्के, आणि ट्रेडमागे नफा फक्त ६७ रुपये. खर्च वजा केला तर हे २४ ट्रेड मिळून तोट्यात आहेत. विन रेट वाढला आणि पैसा घटला. आपण पत्रात अभिमानाने लिहिलेला ६२.५ हा आकडा या दोन वेगळ्या पद्धतींची मिसळ आहे आणि तो त्यांपैकी एकीचाही नाही.

१६ आणि २४ हे नमुने इतके लहान आहेत की नवा नियम वाईट आहे असे केवळ या आकड्यांवरून मी म्हणणार नाही. वरच्या सोळांत दोन मोठे ट्रेड पडले, खालच्या चोवीसांत एकही नाही, हा योगायोगही असू शकतो. पण यामागचे कारण आकड्यांशिवायही दिसते. ज्या पद्धतीची कमाई अधूनमधून येणाऱ्या मोठ्या नफ्यावर चालते, तिथे लवकर निम्मे विकले तर मोठ्या नफ्याचाही निम्मा भाग आपल्याच हाताने कापला जातो, आणि तोटे मात्र पूर्ण आकाराचे राहतात. हे तपासायला शेकडो ट्रेडही लागत नाहीत, कारण एक चांगली सोय आहे. यापुढे प्रत्येक ट्रेडसाठी वहीत दोन रकाने करा: एकात निम्मे विकून प्रत्यक्ष काय मिळाले ते, आणि दुसऱ्यात सगळे शेअर आधीच्या नियमाने ठेवले असते तर काय मिळाले असते ते. मग फक्त या दोन रकान्यांतला फरक मोजा. शेअर तोच, दिवस तोच, बाजार तोच, त्यामुळे पुष्कळसा विखुरलेपणा वजाबाकीत निघून जातो, आणि दोन नियमांतला कोणता बरा हे तो नियम मुळात नफ्याचा आहे की नाही हे कळण्याच्या कितीतरी आधी कळते. दुसरा रकाना त्या त्या दिवशीच भरा. महिन्याने चार्ट पाहून भरला, तर हात आपोआप बरा भाव निवडतो.

आता ट्रेड मोजायचा कसा, हे पाहू. आपल्या ४० ट्रेडच्या खरेदीच्या तारखा मी मोजल्या, त्या १९ च भरल्या. एका मंगळवारी आपण सहा शेअर घेतले आहेत आणि ते सहाही बँका व वित्त कंपन्यांचे आहेत; पुढच्या आठवड्यात त्यांतले पाच फायद्यात सुटले. हे सहा ट्रेड सहा पुरावे नाहीत. जिनिंगच्या दारात कापसाची गाडी आली की जाणता व्यापारी एकाच कोपऱ्यात सहा वेळा हात घालत नाही, कारण त्या कोपऱ्यातल्या सहाही मुठी एकच गोष्ट सांगणार. खालचा कापूस ओला आहे की नाही हे त्यातून कळायचे नाही. बँकांचे शेअर एकत्र चढतात आणि एकत्र पडतात. त्या आठवड्यात बाजार एकदा वर गेला, ती गोष्ट आपल्या वहीत सहा ओळींत लिहिली गेली.

यावर सोपा उपाय असा की एकाच दिवशी घेतलेल्या सगळ्या ट्रेडची एक तुकडी धरायची, तुकडीचा एकूण नफा-तोटा एका ओळीत लिहायचा आणि वरची दोन्ही सूत्रे तुकड्यांवर चालवायची. मी तसे केले. आपल्या १९ तुकड्यांची सरासरी ५७९ रुपये येते आणि प्रमाण विचलन सुमारे २,६०० रुपये. त्याला १९ च्या वर्गमुळाने भागले की चूक सुमारे ६०० रुपये येते, म्हणजे सरासरीपेक्षाही थोडी जास्त. सुट्या ट्रेडवरून पुरावा सव्वापटीचा वाटत होता, तुकड्यांवरून तो एकपटही भरत नाही. खर्च धरून सूत्र मांडले तर १८८ तुकड्या लागतात. आपण चार महिन्यांत १९ तुकड्या केल्या, त्या गतीने याला तीन वर्षांहून जास्त काळ लागेल. सुरुवातीला मी ‘वेगवेगळ्या दिवशी’ असे मुद्दाम म्हटले ते यासाठी. शिवाय या चारही महिन्यांत आपण फक्त घेऊन विकण्याचे ट्रेड केले आहेत; बाजार दोन-तीन महिने सलग उतरत असताना ही पद्धत कशी वागते, याची एकही ओळ या वहीत नाही, आणि चढत्या बाजारातले आणखी शंभर ट्रेड जोडून ती येणारही नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर आपण ‘मंगळवार — ९ पैकी ८’ असे लिहून त्याभोवती चौकट केली आहे. ती चौकट पुसून टाका अशी विनंती आहे. त्या नऊपैकी सहा ट्रेड वर सांगितलेल्या एकाच मंगळवारचे आहेत. आणि तसे नसते तरी, आठवड्याचे पाच दिवस वेगवेगळे मोजले की त्यांतला एखादा दिवस निव्वळ योगायोगानेही चमकतोच. वही जितक्या बाजूंनी कापाल, दिवसावरून, वेळेवरून, क्षेत्रावरून, तितके असे चमकणारे तुकडे हाती येतील.

मावसभावांबद्दल थोडेच लिहितो, पण ते त्यांना वाचून दाखवा. ऑप्शन विकण्यात बहुतेक वेळा थोडे पैसे मिळतात आणि क्वचित एकदा मोठा तोटा होतो. त्या धंद्याची रचनाच तशी आहे. म्हणून तिथे विन रेट जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि जी घटना पाहायची ती नेमकी अजून घडलेली नसते. एखादी गोष्ट अमुक इतक्या वेळांत एकदाही घडली नसेल, तर तिची शक्यता जास्तीत जास्त किती असू शकते याचा एक ठोकताळा आहे: तीनला त्या संख्येने भागायचे. ६० ट्रेडमध्ये मोठा तोटा एकदाही आला नाही, म्हणजे त्याची शक्यता ३ भागिले ६०, अर्थात ५ टक्क्यांपर्यंत असू शकते. समजा दर ट्रेडला ते १,००० रुपये मिळवतात आणि वाईट दिवशी २०,००० जाऊ शकतात. ५ टक्के शक्यता धरली तर शंभर ट्रेडमध्ये ९५,००० येतील आणि १,००,००० जातील. ६० पैकी ६० फायद्यात असूनही ती पद्धत तोट्याची असू शकते, आणि वही न भरल्यामुळे ती बदलत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, असे आढळले. त्यांतल्या अनेकांच्या वहीतही सुरुवातीची पाने मावसभावांच्या पानांसारखीच सुंदर असणार.

तर आता काय करावे? तीन वर्षे हातावर हात ठेवून बसा असे मी सांगत नाही. ज्या आकड्याचा विखुरलेपणा कमी तो लवकर कळतो, या नियमाचा दुसरीकडे फायदा होतो. आपला खर्च दर ट्रेडला जवळजवळ तितकाच असतो, म्हणून दहा ट्रेडमध्येच तो ठामपणे कळला. आपले १५ तोटे पाहा. ठरवलेली जोखीम १,००० रुपयांची, प्रत्यक्ष सरासरी तोटा १,१३३. बारा तोटे बरोबर १,००० चे आहेत, दोन १,२०० चे, आणि एक २,६०० चा. त्यापुढे आपणच लिहिले आहे की तिमाही निकालानंतर शेअर सकाळी खालीच उघडला. ही गोष्ट आजच दुरुस्त करता येते. निकालाची तारीख जवळ असलेला शेअर हातात ठेवायचा की नाही, हे ठरवून पानाच्या माथ्यावर लिहा. विन रेटला ट्रेड शेकड्याने लागतात, या गोष्टीला एक ओळ पुरते. आणि हाच २,६०० चा तोटा, ५,००० च्या जोखमीवर, १३,००० चा झाला असता.

यापुढची आकडेवारी एकाच नियमाची ठेवा. निम्मे विकण्याचा नियम चालू ठेवणार असाल तर मोजणी सतराव्या ट्रेडपासून धरा. जुन्या नियमाकडे परतणार असाल तर पहिले सोळा आणि पुढचे एकत्र मोजा, मधले चोवीस सोडून द्या. दोन रकान्यांची तुलना मात्र दोन्ही बाबतीत चालू ठेवा. नफा-तोट्याच्या रकान्यात खर्च वजा करूनच आकडा लिहा. आणि एकूण सरासरी रोज काढून पाहू नका. रोज पाहणाऱ्याला कोणत्या ना कोणत्या दिवशी ती दुप्पट झालेली दिसतेच, आणि तो नेमक्या त्याच दिवशी जोखीम वाढवतो. तपासणी कधी करायची हे आधीच ठरवा. माझ्या मते पहिली तपासणी ५० तुकड्या पूर्ण झाल्यावर व्हावी, म्हणजे आपल्या गतीने दहा-अकरा महिन्यांनी.

त्या दिवशी खर्च वजा जाता सरासरी तिच्या चुकीच्या एकपटीहून जास्त असेल, तर जोखीम १,००० वरून १,५०० करा, त्यापुढे नको. शंभर तुकड्यांनंतर ती दीडपटीच्या वर राहिली तर २,०००. सरासरी शून्याच्या खाली असेल तर जोखीम तिथेच थांबवा आणि पद्धतीचाच विचार पुन्हा करा. ५० तुकड्यांनंतर उणे सरासरी येणे हेही पुरेसे बोलके असते. ५,००० चा विचार दोन्ही तपासण्या पार झाल्यावर, आणि मधल्या काळात बाजार निदान एकदा नीट उतरून गेल्यावर करू. कापसाचे पैसे तोवर या खात्यात आणू नका. पुढच्या हंगामाचे बियाणे, खते आणि दुकानाची उधारी यांचा हिशेब आपल्याला माझ्याहून चांगला माहीत आहे.

५० तुकड्या झाल्या की पाने पुन्हा पाठवा. त्या वेळी तुकडीची तारीख, खर्च वजा जाता निकाल आणि दोन नियमांतला फरक हे तीनच रकाने असले तरी चालतील. डबा आणि चिठ्ठ्या मी ठेवून दिल्या आहेत.